बाळाचा विचार करण्याआधी फिटची गोळी डॉक्टरांना दाखवा

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी विहारात वंदना झाली, महिला मंडळाची बैठकही आटोपली आणि बाया छत्र्या शोधत पांगू लागल्या. एक सून मात्र चपला घालायला उगाच वेळ लावत मागे थांबली. वय चोवीस, लग्नाला वर्ष झालेले. सगळ्या गेल्याची खात्री करून ती जवळ आली आणि पर्समधून गोळ्यांची अर्धी स्ट्रिप काढून म्हणाली, "मावशी, तुम्ही सरकारी दवाखान्यात सिस्टर होता म्हणून विचारते. ही गोळी बंद केली तर चालेल का? घरी सगळे बाळाचं विचारतात."

स्ट्रिपवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत होते. त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव होते, सोडियम व्हॅल्प्रोएट ५०० मिलिग्रॅम. म्हणजे फिटची गोळी, आपण जिला आकडी किंवा मिरगी म्हणतो त्या आजाराची. तिला आठवीत असताना पहिली फिट आली होती. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेते आणि तीन वर्षे फिट आलेली नाही. नवऱ्याला लग्नाआधीपासून माहीत आहे, सासूला माहीत नाही. गोळ्या शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यात असतात. नवरा त्या दोन स्टॉप लांबच्या मेडिकलमधून आणतो, कारण जवळचा दुकानदार सासऱ्यांच्या ओळखीचा.

शेजारच्या एका बाईने बोलता बोलता सांगितले होते की फिटच्या गोळीने मूल अधू होते. ते ऐकून हिने कुणाला न विचारता गोळी बंद केली. पाचव्या दिवशी सकाळी नळावर हंडा भरताना ती पडली, जीभ चावली गेली. घरी सांगितले, "चक्कर आली." त्या संध्याकाळी घाबरून पुन्हा गोळी सुरू केली आणि रविवारी माझ्याकडे आली.

शेजारणीचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते. व्हॅल्प्रोएट गर्भाला खरोखरच बाधते. पण त्यावर गोळी एकदम बंद करणे हा उपाय नव्हे. उपाय आहे तो दिवस जाण्याच्या निदान सहा महिने ते वर्षभर आधी डॉक्टरांना गाठणे. इतक्या आधी का, हे कळायला बाळाच्या पहिल्या चार आठवड्यांत काय घडते ते पाहावे लागेल.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर एक चपटी पट्टी असते. ती दोन्ही कडांनी वर उचलली जाते, वळते आणि दप्तराची चेन लावावी तशी मिटून तिची नळी होते. या नळीच्या वरच्या भागाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा पाठीचा कणा सांभाळतो तो मज्जारज्जू. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत ही चेन दोन्ही टोकांना लागलेली असते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी तयारच होत नाही आणि ते बाळ जगत नाही. खालचे टोक उघडे राहिले तर पाठीवर फुगा घेऊन बाळ जन्मते. त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. त्यातल्या पुष्कळ मुलांचे पाय लुळे राहतात, लघवी-संडासवर ताबा येत नाही, काहींच्या डोक्यात पाणी साचते. जन्मानंतर ऑपरेशन करून पाठ झाकता येते, पण गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही.

आता हे २८ दिवस कॅलेंडरवर मांडून पाहा. समजा एखादीची पाळी १ जूनला आली आणि तिचे चक्र २८ दिवसांचे आहे. गर्भ राहायचा तो साधारण १४ जूनच्या आसपास राहील. पुढची पाळी २९ जूनला यायला हवी, ती येत नाही. आपल्याकडे बाई लगेच कुणाला सांगत नाही. "आठ-पंधरा दिवस वाट पाहू, दगदग झाली असेल" असे म्हणते. १२ जुलैला पाळी चुकून तेरा दिवस झालेले असतात, आणि त्याच दिवसाच्या सुमारास बाळाची ती चेन लागून गेलेली असते किंवा उघडी राहून गेलेली असते. त्यानंतर आशाताईंकडे नाव नोंदवायला, पहिला केसपेपर काढायला आणि गोळ्या मिळायला दुसरा-तिसरा महिना उजाडतो. त्या गोळ्या आईच्या रक्तासाठी हव्याच, त्या घ्याव्यात. पण त्या चेनसाठी त्यांना उशीर झालेला असतो.

म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधी सुरू करायची असते. फॉलिक ॲसिड हे ब गटातले एक जीवनसत्त्व आहे. पेशी भराभर वाढताना ते लागते आणि ती नळी मिटत असताना तर फारच लागते. १९९१ साली सात देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या बायांना आधी असे व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांना पुढच्या खेपेला दिवस जाण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले. पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. या गोळीविषयीचा वाद तिथेच मिटला.

बहुतेक बायांना एवढा मोठा डोस लागत नाही. ज्या बाईला कोणताही विशेष आजार नाही तिला रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही थोडे कमी, पुरते. ते दिवस जाण्याच्या निदान एक महिना आधी, जमल्यास दोन-तीन महिने आधी सुरू करायचे आणि तिसरा महिना पूर्ण होईपर्यंत घ्यायचे. सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही हाच सल्ला लिहिलेला आहे. तो आपल्या वस्तीपर्यंत फारसा पोचत नाही, कारण लग्न झाल्यावर पहिला दवाखाना दिसतो तो पाळी चुकल्यावरच.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. आशाताई लोहाची लाल गोळी देतात तिच्यातही फॉलिक ॲसिड असते, ५०० मायक्रोग्रॅम. पण दिवस नसलेल्या बाईला ती आठवड्यातून एकदा असते, रोजची नसते. आठवड्याच्या एका गोळीवर विसंबून बाळाचा विचार करू नये, वेगळी फॉलिक ॲसिडची गोळी मागून घ्यावी. दुसरे म्हणजे मेडिकलमध्ये नुसते "फॉलिक ॲसिड द्या" म्हटले की बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात येते. ती साध्या डोसच्या बारापट आहे. ती विष नाही, पण उठसूट सगळ्यांनी महिनोन् महिने घ्यायचीही नाही. शरीरात बी-१२ कमी असेल तर मोठ्या डोसने रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो आणि नसांचे नुकसान मात्र आतल्या आत चालू राहते. आधी असे व्यंग असलेले मूल झालेले असेल, मधुमेह असेल, सिकलसेल असेल, फिटची औषधे चालू असतील, तर ५ मिलिग्रॅम लागू शकते आणि ते डॉक्टरांनी लिहून द्यावे.

मेथी, पालक, चवळी, हरभरा यांत हे जीवनसत्त्व असते आणि ते खावेच. पण ते पाण्यात विरघळणारे आहे, उष्णतेने नासणारे आहे. भाजी उकळून पाणी फेकले की बरेचसे मोरीत जाते. म्हणून "आम्ही भरपूर पालेभाजी खातो, गोळी कशाला" हा हिशेब जुळत नाही.

आता आपल्या सुनेकडे परत येऊ. तिला वाटत होते की फॉलिक ॲसिड चालू केले की व्हॅल्प्रोएटचा दोष पुसला जाईल. तसे होत नाही. फॉलिक ॲसिड घ्यायचेच, पण ते व्हॅल्प्रोएटचे नुकसान भरून काढत नाही. कोणत्याही आईच्या बाबतीत शंभरातल्या दोन-तीन बाळांना काही ना काही मोठे जन्मजात व्यंग असते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या शंभर बाळांत हा आकडा साधारण दहावर जातो. त्यात पाठीचा फुगा असतो, हृदयाला छिद्र असते, टाळू फाटलेली असते. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की जन्मताना अगदी धडधाकट दिसणाऱ्या मुलांतही शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलायला, चालायला, शिकायला उशीर होतो. शाळेत गेल्यावर ते लक्षात येते आणि तेव्हा कुणालाही त्या गोळीची आठवण येत नाही. डोस जितका मोठा तितका धोका जास्त, पण पूर्ण सुरक्षित म्हणावा असा लहान डोस सापडलेला नाही. आपल्या देशात केरळमध्ये १९९८ पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर बायांची नोंदवही ठेवली जाते. तिथेही व्हॅल्प्रोएटचेच नाव पुढे आले. याच कारणाने युरोपात २०१८ पासून नियम आहे की मूल होऊ शकणाऱ्या बाईला, दुसरे औषध चालत असेल तर, व्हॅल्प्रोएट देऊ नये, आणि द्यावेच लागले तर दिवस राहणार नाहीत याची पक्की व्यवस्था करूनच द्यावे.

हे आकडे वाचून कुणी आजच गोळी टाकून देऊ नये, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगते. फिटचे औषध एकदम थांबले की मेंदूवरचा आवर एकदम सुटतो. पूर्वीपेक्षा जोराची फिट येऊ शकते, एकामागून एक येत राहू शकते आणि त्यात जीवही जातो. पोटात बाळ असताना मोठी फिट आली तर बाई पोटावर पडते, श्वास अडकतो, बाळाला प्राणवायू कमी पडतो. नळावर हंड्यासकट पडणे हा आपल्या सुनेला मिळालेला सौम्य इशारा होता. हेच स्टोव्हपुढे किंवा लोकलच्या दारात झाले असते तर?

मग करायचे काय? मी तिला एवढेच सांगितले की गोळी एकही चुकवू नको, आज संध्याकाळचीही घे. पाळणा लांबवण्याची व्यवस्था आधी कर आणि मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेंदूविकार ओपीडीत जा. जाताना रिकाम्या का होईनात, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, जुने केसपेपर आणि एक वही ने. वहीत शेवटची फिट कधी आली, कशी आली, किती वेळ होती, ते लिही. फिट येताना बाईला स्वतःला काही दिसत नसते, म्हणून पाहणारा माणूस बरोबर हवा. नवरा गेला. एका दिवसाची हजेरी बुडाली त्याची, पण तो गेल्याने एक महत्त्वाची गोष्ट कळली. डॉक्टरांनी विचारले, सकाळी उठल्यावर हात झटकतात का, हातातले भांडे उडते का? ती म्हणाली, नाही. नवरा म्हणाला, "उडतो की, चहाचा कप दोनदा फुटलाय." सकाळच्या अशा झटक्यांवरून आणि मेंदूच्या आलेखावरून, ज्याला ईईजी म्हणतात, डॉक्टरांनी फिटचा प्रकार ठरवला. हा प्रकार बहुधा गोळ्या थांबवल्या की उलटतो. त्यामुळे औषध बंद करण्याचा प्रश्नच उरला नाही, बदलण्याचा उरला.

गर्भासाठी त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणून ज्यांच्याबद्दल पुष्कळ अनुभव जमा झाला आहे अशी दोन औषधे आहेत, लेव्हेटिरासिटॅम आणि लॅमोट्रिजिन. लॅमोट्रिजिनने काही जणांत असे सकाळचे झटके वाढतात, शिवाय ते फार हळूहळू वाढवावे लागते, नाहीतर अंगावर धोकादायक पुरळ उठते. म्हणून हिच्यासाठी लेव्हेटिरासिटॅम निवडले. आधी २५० मिलिग्रॅम दोन वेळा, मग दोन आठवड्यांनी ५०० दोन वेळा. व्हॅल्प्रोएट तोवर पूर्ण चालू. नवे औषध अंगी लागल्यावर जुने उतरवायला सुरुवात झाली, दिवसाला १००० वरून ८००, काही आठवड्यांनी ६००, मग ४००. हे आकडे तिच्यासाठीचे आहेत, कुणी आपल्या घरी तसेच करू नये. पण बदल कसा होतो, जुनी काठी सोडण्याआधी नवी हातात कशी घट्ट धरतात, ते कळावे म्हणून सांगितले.

या काळात तिने तांबी बसवून घेतली होती. हे फार महत्त्वाचे, कारण औषध बदलाच्या मध्यावर दिवस गेले तर दोन्ही औषधे पोटात आणि फिटवर आवर कच्चा, अशी अवस्था होते. तांबीवर फिटच्या कोणत्याही औषधाचा परिणाम होत नाही. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन ही फिटची जुनी औषधे मात्र पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा आणि बहात्तर तासांच्या गोळीचा जोर कमी करतात. "गोळी घेत होते तरी दिवस राहिले" असे म्हणणाऱ्या काही बायांच्या मागे हे कारण असते आणि त्यांना कुणी सांगितलेले नसते.

सगळे सरळ पार पडले नाही. डिसेंबरात घरात लग्न निघाले. हळदीची रात्र जागून काढली, संध्याकाळची गोळी गडबडीत राहिली, आणि पहाटे तिला फिट आली. सासूच्या समोर आली. व्हॅल्प्रोएट तेव्हा ४०० वर होते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी लेव्हेटिरासिटॅम ७५० दोन वेळा केले, उरलेले व्हॅल्प्रोएट आणखी हळू उतरवले आणि बाळाचा विचार पुढे ढकलायला सांगितला. तिला नव्या औषधाने चिडचिडही होत होती, उगाच रडू येत होते. ती समजत होती की सासरच्या कटकटीने होते. लेव्हेटिरासिटॅमने काही जणांना असे होते, ते डॉक्टरांना सांगायचे असते. तिने सांगितले आणि पुढच्या दोन महिन्यांत ते निवळले. निवळले नसते तर औषधाचा पुन्हा विचार करावा लागला असता.

सासूचे काय झाले? पहिल्या घटकेला त्यांनी कांदा हुंगवला, मग मुलाला बाजूला घेऊन "आपली फसवणूक झाली" म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "आई, मला माहीत होतं." चार दिवस घरात अबोला होता. मग डॉक्टरांच्या पुढच्या तारखेला सासूबाई स्वतः बरोबर गेल्या आणि त्यांनी तिथे विचारले, "नातवंडाला पण होईल का?" डॉक्टरांनी सांगितले की फिटचा आजार असलेल्या बहुसंख्य बायांची मुले निरोगी जन्मतात, आणि औषधावर आवर ठेवून बाळंतपणही साधे होऊ शकते. कांदा, चप्पल, तोंडात चमचा यांतले काही करू नये; कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्यावे, हेही त्या तिथेच शिकल्या.

लपवण्याबद्दल एक कायद्याची गोष्ट सांगते, कारण पुष्कळ मुली भीतीनेच गोळ्या लपवतात. पूर्वी फिटचा आजार हे लग्न रद्द ठरवण्याचे कारण कायद्यात लिहिलेले होते. १९९९ साली हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून ते काढून टाकले. हिंदू विवाह कायदा बौद्धांच्या लग्नालाही लागू आहे. त्यामुळे "फिट येते म्हणून सोडचिठ्ठी" ही धमकी आता कायद्याच्या या कलमावर उभी राहत नाही. लपवलेल्या गोळीचा खरा तोटा वेगळा आहे. डब्यातली गोळी आशाताईंच्या यादीत येत नाही, बाळंतपणाच्या केसपेपरवर येत नाही, आणि ती बाधणारी आहे हे सांगू शकणाऱ्या माणसाला ती दिसतच नाही.

फिटशिवायही काही औषधे दिवस जाण्याआधी डॉक्टरांना दाखवायला हवीत. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या गोळ्या गर्भाच्या मूत्रपिंडाला बाधतात, त्याऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन अशी दुसरी देता येतात. मुरुमांसाठी देतात ती आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल गर्भाला फार घातक आहे. ती थांबवून निदान एक महिना जाऊ द्यावा लागतो. सांधेदुखीच्या आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट काही महिने आधी बंद करावी लागते. थायरॉइडची गोळी मात्र उलट आहे, ती बंद तर करायचीच नाही, दिवस गेल्यावर तिचा डोस बहुधा वाढवावा लागतो. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणूनच दिवस जाऊ द्यावेत, कारण वाढलेली साखरही त्याच पहिल्या आठवड्यांत बाळाचे नुकसान करते.

विदर्भातल्या वाचकांसाठी सिकलसेलचे वेगळे सांगायला हवे, कारण तिकडे आपल्या समाजात हा आजार पुष्कळ घरांत आहे. त्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया घेत असाल तर ती साधारण तीन महिने आधी थांबवण्याविषयी डॉक्टरांशी बोला, आणि हे नवऱ्याला चालू असेल तरी तेवढेच लागू आहे. बाईने फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम चालूच ठेवायचे. दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्यायची. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते की बाळाला आजार असेल. हे आधी कळले तर पुढच्या तपासण्या वेळेत करता येतात.

पुरुषाला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्यानेही मूल ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. युरोपात अलीकडे पुरुषांनाही सावधगिरीची सूचना दिली जाऊ लागली आहे.

इंग्रजी औषध नको म्हणून कुणी बाहेरची पुडी आणतात. फिटवरच्या अशा पुड्यांत तपासणीत फिनोबार्बिटोनसारख्या इंग्रजी गोळ्यांचीच भुकटी सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि किती डोस आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसते. दुसरी पुडी "मुलगा होण्याची". हरियाणात झालेल्या अभ्यासात अशी औषधे घेणाऱ्या बायांच्या बाळांत जन्मजात व्यंगे जास्त आढळली. मूल मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरून गेलेले असते. पाळी चुकल्यावर घेतलेली पुडी ते बदलू शकत नाही, ती फक्त त्या नाजूक आठवड्यांत बाळापर्यंत पोचते.

आणि ज्यांना व्हॅल्प्रोएट चालू असतानाच दिवस गेले आहेत? त्यांनीही गोळी आपल्या मनाने थांबवू नये. त्याच आठवड्यात मेंदूविकाराच्या आणि बाळंतपणाच्या अशा दोन्ही डॉक्टरांना गाठावे, फॉलिक ॲसिड सुरू करावे आणि अठरा ते वीस आठवड्यांदरम्यानची बाळाची व्यंगे पाहणारी सोनोग्राफी चुकवू नये. बरीचशी मोठी व्यंगे त्यात दिसतात, शिकण्या-बोलण्यातली अडचण मात्र कोणत्याच सोनोग्राफीत दिसत नाही.

आपल्या सुनेचे व्हॅल्प्रोएट फेब्रुवारीत पूर्ण थांबले. डॉक्टरांनी त्यानंतर सहा महिने फिटशिवाय जाऊ द्यायला सांगितले होते, ते ऑगस्टमध्ये पूर्ण झाले. मे महिन्यापासून ती रोज फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम घेते आहे. ऑगस्टअखेर तिने तांबी काढून घेतली. दिवस गेले की रक्तातले औषध उतरते आणि डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून पाळी चुकल्याच्या आठवड्यातच ओपीडीत यायचे, असे तिच्या केसपेपरवर लिहिलेले आहे. गोळ्या आता स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असतात, आणि रात्री नऊ वाजले की सासूबाईच विचारतात, "घेतलीस का गं?"